धावण्याच्या बुटांचा वास धुऊनही जात नाही; उपाय सुचवावा

ठाणेकर_धावक: मी आठवड्यातून पाच दिवस धावतो आणि बूट एकच आहे. दोनदा धुतला, तरी कोरडा असताना वास येत नाही आणि पाय घालून दहा मिनिटे झाली की पुन्हा तोच आंबूस दर्प सुटतो. काय करावे?

गारठा: बूट पिशवीत बांधून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवावा, थंडीने जंतू मरतात. मी नेहमी तेच करतो.

जुनी_प्रयोगशाळा: गारठ्याने बहुतेक जंतू मरत नाहीत, नुसते थबकतात, म्हणूनच तुम्हाला ते ‘नेहमी’ करावे लागते. ताज्या घामाला फारसा वास नसतो. त्यातील ल्युसिनपासून जंतू आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार करतात, आणि दर्प त्याचा असतो. खाण्याच्या सोड्याने या आम्लाचे क्षार होतात व ते हवेत उडत नाहीत, पण जंतू अस्तरात राहतात आणि ओल मिळताच कामाला लागतात. त्यामुळे आधी आतला सोल काढून कोमट पाण्यात डिटर्जंटने घासावा, अस्तरही त्याच पाण्याने ब्रशने घासून नीट खळबळावे, आणि सगळे पूर्ण वाळल्यावरच प्रत्येक बुटात दोन चमचे सोडा रात्रभर ठेवून सकाळी झटकावा. व्हिनेगर सोड्यासोबत घालू नये. दोघे एकमेकांनाच संपवतात.

आईची_धावपळ: माझ्या मुलाच्या शाळेच्या काळ्या चामडी बुटांनाही वास येतो, तेही पाण्यात बुडवावेत का?

जुनी_प्रयोगशाळा: नाही ताई, चामडे कडक होऊन तडकेल. फक्त सोल बदलून पाहा.

ठाणेकर_धावक: वाळणे म्हणजे नेमके किती? माझा बूट सकाळी हाताला कोरडाच लागतो.

जुनी_प्रयोगशाळा: हात फसवतो, कारण वरची जाळी आधी वाळते आणि टाचेजवळचा फोम शेवटी. मी स्वयंपाकघरातील काट्यावर बूट तोलतो (घरी यावरून बोलणी खाल्ली आहेत). माझा पूर्ण कोरडा बूट 270 ग्रॅमचा आहे. जुलैत धावून आल्यावर तो 312 भरला, दुसऱ्या सकाळी 284 आणि तिसऱ्या सकाळी 271. रोज तोच घातला असता, तर 14 ग्रॅम ओलीवर नवा घाम चढला असता व जंतूंना कोरडा दिवस भेटलाच नसता. दोन जोड आलटून पालटून वापरले की प्रत्येकाला साधारण 48 तास मिळतात. सोल बाहेर काढून, जीभ उघडी ठेवून पंख्याखाली ठेवा. वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेत तर दोन तासांनी बदला, नाहीतर तेच ओल धरून बसतात.

गारठा: मग कडक उन्हात का नको?

जुनी_प्रयोगशाळा: तासभर चालेल, दिवसभर ठेवल्यास डिंक सुटतो.

मालवणी_पाऊस: आमच्याकडे पावसाळ्यात तीन दिवसांतही वजन उतरत नाही. दोन जोड पुरत नाहीत, तिसरा घ्यावा की पंखा रात्रभर चालू ठेवावा, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

ठाणेकर_धावक: माझ्या तळव्यांवर बारीक खड्डेही पडले आहेत, त्याचा याच्याशी संबंध असेल का?

जुनी_प्रयोगशाळा: असू शकतो. तो जंतुसंसर्गही असतो आणि बूट धुऊन जात नाही, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.