मदत हवी आहे: भावाचं जेवण लगेच तोंडात परत येतं, गोळ्यांनी फरक नाही

सायली_क: भाऊ २१ वर्षांचा, हॉस्टेलला असतो. आठ महिने जेवलेलं वर येतंय. डॉक्टर म्हणतात रिफ्लक्स. चार महिने पँटोप्राझोल, काही फरक नाही, आता डोस दुप्पट केलाय. एंडोस्कोपी नॉर्मल. दुसरं काय असेल? प्लीज लवकर सांगा, परीक्षा तोंडावर आहे.

बापू_सातारा: पित्तच आहे. चहा बंद, आमसुलाचं सार, उशी उंच. माझं त्यानेच गेलं.

सायली_क: उशी करून झाली. रात्री त्याला काही होतच नाही.

रेवती_फिजिओ: हे आधी सांगायचं ना! जेवल्यावर किती वेळाने येतं? चव कशी असते? मळमळ?

सायली_क: सुट्टीत घरी आला तेव्हा समोर बसून पाहिलं. वरण-भात खाल्ला, दहा मिनिटांत सुरू. पोट जरासं आत ओढलं जातं, गाल फुगतो, तो रुमाल धरतो आणि परत गिळतो. तासभर असंच. मळमळ नाही, चव वरण-भाताचीच. आंबट लागायला लागलं की थांबतं. मेसमध्ये लाज वाटते म्हणून दुपारी जेवतच नाही. ५ किलो वजन गेलंय.

वनिता_ताई: चोरून बोटं घालत असेल. भाचीचं तसंच निघालं होतं.

सायली_क: ताई, माझ्या डोळ्यांसमोर झालंय, हात मांडीवर होते.

रेवती_फिजिओ: हे रुमिनेशन सिंड्रोमसारखं वाटतंय, म्हणजे रवंथच. पोटाचे स्नायू नकळत आवळले जातात, जठरावर दाब येतो आणि ताजं अन्न वर ढकललं जातं. अन्न वर येतं म्हणून त्याला रिफ्लक्स समजतात. पण गोळी आम्ल कमी करते, दाब नाही. दाब मोजायला जेवणानंतरची मॅनोमेट्री असते. गिळताना अडकतं का? अन्ननलिकेचं खालचं तोंड नीट उघडत नाही तो अॅकॅलेशिया नाही ना, तेही त्यात कळेल.

सायली_क: अडकत नाही. म्हणजे मुद्दाम करतो का?

रेवती_फिजिओ: नाही. लागलेली सवय आहे, त्याला कळतही नाही. आधी रिकाम्या पोटी, आडवं पडून सराव करू दे. एक हात छातीवर, एक पोटावर. नाकाने श्वास घेताना पोटावरचाच हात वर यायला हवा. मग सावकाश सोडायचा, मिनिटाला ६ ते ८ श्वास. जमलं की जेवून उठण्याआधी, बसल्या जागी १५ मिनिटं. पोट बाहेर येत असताना ते आवळता येत नाही. खांदे उचलले गेले तर समजा चुकतंय.

बापू_सातारा: म्हणजे प्राणायामच. कपालभाती करू दे.

रेवती_फिजिओ: बापूसाहेब, कपालभातीत पोट झटक्याने आत जातं. इथे नेमकं तेच टाळायचंय.



सायली_क: काल रात्री व्हिडिओ कॉलवर केलं. नऊ-दहा वेळा यायचं ते तीनदा आलं. हसला तेव्हा श्वास तुटला आणि लगेच घास वर. गोळ्या थांबवू का?

रेवती_फिजिओ: स्वतःहून नको, डॉक्टरांना विचार. आठ महिन्यांत ५ किलो गेलेत, तेही सांग. आणि दुपारचं जेवण सुरू कर म्हणावं, खरा सराव जेवल्यावरच होतो.

सायली_क: मेसमध्ये सगळ्यांसमोर पोटावर हात ठेवून बसायला तो तयार नाही. यावर काय करावं?