मदत हवी आहे : आमेरची हत्तीसवारी सहलीत घ्यावी का?

नाशिकहून जयपूरला ज्येष्ठांचा गट नेतोय. तिथला एजंट म्हणतो, हत्तींची प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आहे. पण नोंदणी म्हणजे परवानगी, हत्ती सुखात असल्याची खात्री नव्हे. हत्तीच्या मणक्यांची हाडं वर आलेली असतात, त्यामुळे हौद्याचा भार पाठीच्या मधोमध फार बोचतो. दोरांखाली आणि शेपटीच्या मुळाशी जखमा, भेगाळलेली नखं, उभ्या जागी सतत डोलणं, माहुताच्या हातातला अंकुश, एवढं दिसलं तरी माझ्या मते नकार द्यावा.

अलीकडे कुणी पाहिलंय का? एक हत्ती दिवसात किती फेऱ्या करतो? फेऱ्यांमध्ये सावली, पाणी मिळतं का? नाहीतर किल्ल्यावर जीपनेच नेईन.