चहाचे वीस रुपयेही उधारीवर? यूपीआयला क्रेडिट कार्ड जोडण्यावरून

स्नेहल: रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलं आणि सुटले. चहा, रिक्षा, औषधं, सगळं त्यावरच. पैसे महिनाभर आपल्याच खात्यात राहतात, एका बिलात सगळी नोंद मिळते, खर्चाला शिस्त लागते. अजून कोणी जोडलं नसेल तर का नाही जोडलं?

वसुधा: "शिस्त लागते" हे वाचून राहवलं नाही. आठ महिने मी नेमकं हेच केलं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी बचत खात्यातून स्कॅन करायचे. प्रत्येक वेळी बँकेचा मेसेज यायचा आणि त्यात शिल्लक दिसायची. पंचवीस तारखेला शिल्लक 2,300 दिसली की दुकानात हातातली वस्तू मी परत ठेवायचे. माझा ब्रेक तेवढाच होता आणि तो लागायचा. कार्ड जोडल्यावर मेसेज तसाच येतो, पण त्यात दिसते उपलब्ध मर्यादा. माझी 1,12,000 होती. चाळीस रुपयांचं काही घेतलं की ती 1,11,960 व्हायची. हा आकडा बघून कोण थांबेल? महिनाअखेर आणि महिन्याची सुरुवात यात काही फरकच उरला नाही.

सहाव्या महिन्यात 23,000 चं बिल आलं. माझ्या डोक्यात चौदा-पंधरा हजार होते. बसून मोजलं तर 61 व्यवहार, त्यातले हजाराच्या वरचे फक्त पाच. कुठला खर्च कमी करायचा म्हटलं तर बोट ठेवायला एकही जागा सापडेना. "एका बिलात नोंद मिळते" हे खरं, पण ती पैसे उडून गेल्यावर मिळते.

निनाद: हा दोष कार्डाचा नाही, तुमचा आहे, स्पष्ट बोलतो. मी दोन वर्षं वापरतोय आणि दर महिन्याला पूर्ण बिल भरतो. एकदा हजार-दोन हजार मागे राहिलेच तर व्याज तेवढ्यावरच लागणार, साठ-सत्तर रुपये. त्यासाठी एवढं घाबरवायचं कारण नाही.

शिरीष: मी बँकेत कार्ड विभागात अकरा वर्षं काढली. निनाद, पूर्ण भरता तोवर तुमचं बरोबर आहे. दुसरं वाक्य मात्र चूक आहे आणि याच चुकीपायी लोक अडकतात.

असं समजा, तुमचं बिल पंधरा तारखेला बनतं आणि पाच तारखेपर्यंत भरायचं असतं. बिल 14,640 चं आलं, तुम्ही 13,000 भरले, 1,640 राहिले. त्याच क्षणी नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदत गेली. सोळा तारखेपासूनचा प्रत्येक चहा, प्रत्येक गोळ्यांची पट्टी स्कॅन केल्या दिवसापासून व्याजाला लागते. महिन्याला साडेतीन टक्के धरा, कार्डांवर साधारण एवढं असतं. पुढच्या महिन्यात बारा हजारांची किरकोळ खरेदी सारखी पसरलेली असेल तर सरासरी पंधरा दिवसांचं व्याज 210 रुपये. राहिलेल्या 1,640 वर खरेदीच्या तारखेपासून दीड महिन्याचं 86. वर 18 टक्के जीएसटी. सगळे मिळून 350 च्या आसपास. तुम्ही साठ-सत्तर म्हणालात.

आणखी एक. पुढचं बिल तुम्ही पूर्ण भरलंत तरी त्याच्या पुढच्या बिलात थोडं व्याज पुन्हा दिसतं, कारण बिल बनल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस तेव्हा मोजलेले नसतात. लोक फोन करून भांडायचे, "मी सगळं भरलं होतं!" आणि ते खोटं बोलत नसायचे.

मंदा: माझंही रुपे कार्ड जोडलेलं आहे, पण पैसे त्याच क्षणी खात्यातून जातात, महिनाभर राहत नाहीत. बँकेने फसवलं का?

वसुधा: मंदाताई, तुमचं डेबिट कार्ड असणार. बँकेने काही फसवलेलं नाही, निश्चिंत राहा.

गणेश: तुम्ही सगळे आपापल्या खिशाचं बोलताय. आमचं कोण बोलणार? माझं किराणा दुकान आहे. लहान दुकानदाराला दोन हजारांपर्यंतच्या क्रेडिट व्यवहारावर शुल्क नाही, पण माझी उलाढाल त्या हद्दीबाहेर गेली. आता हजाराच्या बिलामागे सतरा-अठरा रुपये कापून माझ्या खात्यात येतात. साखरेच्या पोत्यावर मला सुटतं किती हे कधी विचारलंय? तुमच्या पॉइंटचे पैसे माझ्या गल्ल्यातून जातात. मी दुकानात सरळ सांगतो, बचत खात्यातून द्या.

निनाद: मग रोख हाताळायचा, सुट्ट्या पैशांचा खर्च वाचतो तो मोजा की. बाहेर क्यूआर लावायचा आणि गिऱ्हाईक आलं की अटी सांगायच्या, ही कुठली रीत?

गणेश: सुटे पैसे तर बचत खात्याच्या यूपीआयनेही वाचतात, आणि त्यावर मला एक पैसा पडत नाही. रीत मला शिकवू नका, तीस वर्षं गल्ल्यावर बसतोय. चार गिऱ्हाइकं याच कारणाने तोडली आणि त्यांचं वाईट वाटलं. त्यातल्या एकांच्या वडिलांपासून आमच्याकडे खातं होतं.

वसुधा: गणेशभाऊ, तुमच्याकडच्या खात्याच्या वहीवरून आठवलं. आमचे वडील वहीवर उधार घ्यायचे, तेव्हा दुकानदारच म्हणायचा, "अण्णा, या महिन्यात जरा जास्त झालंय." तेवढ्याने घरी आईला कळायचं. अॅप असं कधी म्हणत नाही.

गणेश: ते मी अजूनही म्हणतो. आणि लोक ऐकतात.

शिरीष: शुल्काचं भांडण रास्त आहे, पण मूळ प्रश्न ब्रेकचा होता. तो परत बसवता येतो. बँकेला सांगून कार्डाची मर्यादाच कमी करून घ्या, लाखाऐवजी पंधरा हजार. तुमच्या संमतीशिवाय बँक ती पुन्हा वाढवू शकत नाही. अॅपमध्ये डिफॉल्ट बचत खातं ठेवा, म्हणजे कार्ड वापरायचं तर दर वेळी मुद्दाम निवडावं लागेल. चहा-रिक्षासाठी यूपीआय लाइट ठेवा. त्यात जास्तीत जास्त 5,000 राहतात आणि संपले की संपले. ऑटो टॉप-अप मात्र बंद ठेवा, नाहीतर ते संपतच नाहीत.

निनाद: लाइटला तर पिनही लागत नाही, हजारापर्यंत सरळ जातात. निदान कार्डाला पिन टाकावा लागतो. त्या चार आकड्यांपुरता तरी माणूस थांबतो. यात कसला ब्रेक?

शिरीष: पिनचा मुद्दा मान्य. माझ्या मुलीचे लाइटमधले पैसे आठ दिवसांत संपतात. पण संपतात, आणि ते तिला दिसतं.

निनाद: व्याजाचं मला माहीत नव्हतं, तेवढं कबूल. बाकी मत बदललेलं नाही.

स्नेहल: मूळ पोस्ट माझी, म्हणून आत्ता बिल उघडून बसले होते. 47 व्यवहार. त्यातले एकोणीस कशाचे ते मला आठवत नाही, नुसती दुकानांची नावं आहेत. आणि रिक्षाचा एकही नाही! बऱ्याच रिक्षावाल्यांचा क्यूआर त्यांच्या स्वतःच्या खात्याचा असतो, त्यावर क्रेडिट कार्ड चालत नाही, म्हणून अॅपने बचत खातं पुढे केलं आणि मी न बघता पिन टाकत गेले. म्हणजे मी "सगळी नोंद" म्हणत होते ती अर्धीच होती.

वसुधा: मग आता काढणार का जोडलेलं?

स्नेहल: नाही. औषधांचं मोठं बिल त्यावरच करणार, तिथे मुदतीचा खरा उपयोग होतो. डिफॉल्ट बदललं. मर्यादेचा अर्ज अजून केलेला नाही, हात धजावत नाही.

गणेश: औषधवाल्यालाही एकदा विचारा, त्याचे किती कापतात ते.