मदत हवी आहे: सळईतील उष्णतावहन, टोकांचे तापमान शून्य नसेल तर व्हेरिएबल्स वेगळे कसे करायचे?

तिसरं_सेमिस्टर:
५० सेमी लांबीची तांब्याची सळई, बाजूने उष्णता जात नाही. सुरुवातीला सगळीकडे ०°. t = 0 पासून डावं टोक बर्फात (०°), उजवं उकळत्या पाण्यात (१००°). समीकरण `u_t = k u_xx`, k = १.१ चौ.सेमी प्रति सेकंद.

u = X(x)T(t) घेतलं. डावीकडे X(0) = 0, ठीक. उजवीकडे X(50)T(t) = 100 येतं, म्हणजे T स्थिरांकच! मग तापमान वेळेनुसार बदलणार कसं? क्लासमध्ये दोन्ही टोकं शून्यावर असलेलंच उदाहरण झालंय.

वाटसरू:
सोपं आहे. विलगीकरणाचा स्थिरांक शून्य घेतला की X = Ax + B मिळतं. दोन्ही टोकं बसवली की 2x. ते साइनच्या मालिकेत मिळवा आणि गुणांक नेहमीसारखे सुरुवातीच्या तापमानावरून काढा.

तिसरं_सेमिस्टर:
सुरुवातीचं तापमान तर शून्यच आहे. मग सगळे गुणांक शून्य आणि u = 2x, तेही t = 0 पासूनच?

निवृत्त_मास्तर:
वाटसरूंची सरळ रेषा बरोबर आहे, पण गुणांक सुरुवातीच्या तापमानावरून नाही, त्यातून रेषा वजा करून उरेल त्यावरून काढायचे.

मुळात अडतं कुठे ते बघा. आपण सुट्ट्या उत्तरांची बेरीज करतो. टोकाला १०० असलेली दोन उत्तरं मिळवली तर टोकाला २०० होतात. शून्य असलेली कितीही मिळवा, शून्यच राहतं. म्हणून टोकाचे १०० अंश आधी बाजूला काढायचे. खूप वेळाने सळई जिथे स्थिरावेल ती अवस्था 2x. `u = 2x + v` लिहा. आता v दोन्ही टोकांना शून्य, आणि सुरुवातीला `v = -2x`. हा v तुमच्या क्लासमधल्या उदाहरणासारखाच सुटतो:

```
b_n = (2/50) ∫ (-2x) sin(nπx/50) dx = 200(-1)^n/(nπ)
u = 2x + Σ b_n sin(nπx/50) exp(-k n²π² t/2500)
```

पहिल्या पदाचा घातांक −१ व्हायला सुमारे २३० सेकंद लागतात. तेव्हा मधोमध ५० − ६३.७ × ०.३६८, म्हणजे साधारण २६.६°. तिथे दुसरं पद शून्यच असतं, आणि तिसरं नऊपट वेगाने विझतं, ते धरलं तरी फरक अंशाच्या शंभराव्या भागाहून कमी.

सांगलीची_सून:
टोकं शून्य नसतील तर कोसाइन घ्यायचं ना? आम्हाला तसंच शिकवलं होतं.

निवृत्त_मास्तर:
ताई, कोसाइन टोकांतून उष्णता जातच नसेल तेव्हा. तिथे तापमान नाही, उतार शून्य असतो.

तिसरं_सेमिस्टर:
सर, जमलं! पण ५० पदं घेऊन t = 0 चा आलेख काढला तर ४९ सेमीच्या आसपास −१८° दिसतं. बर्फापेक्षा थंड? १०० पदं घेतली तर खड्डा ४९.५ कडे सरकला, पण खोली तेवढीच. गुणांक चुकलेत का?

निवृत्त_मास्तर:
गुणांक बरोबर आहेत. उजव्या टोकाशी v ला −१०० हवं आहे, पण तिथे प्रत्येक साइन शून्य. मालिका सळईबाहेर विषम रूपात पुढे जाते, त्यामुळे त्या बिंदूवर −१०० वरून थेट +१०० अशी २०० ची उडी पडते. उडी असली की अर्धवट बेरीज तिच्या साधारण ९ टक्के पलीकडे जाते, म्हणजे १८. हे विल्ब्रॅहमने १८४८ मध्येच लिहून ठेवलं होतं, नाव मात्र गिब्जचं लागलं.

आता t = 1 ठेवून बघा. पन्नासाव्या पदाला `exp(-10.9)` ने गुणलं जातं, म्हणजे काहीच उरत नाही. खड्डा गायब, आणि ४९ सेमीला जवळपास ५०° दिसेल. एका सेकंदानंतरही खड्डा राहिला, तर मात्र प्रोग्रॅममध्ये घातांक तपासा.

वाटसरू:
माझं गुणांकांचं चुकलंच. पण t = 0 ला तापमान आपल्याला माहीतच आहे, तिथे मालिका काढायची कशाला?

लॅब_असिस्टंट:
आमच्याकडे स्टीलची सळई उघड्यावरच ठेवून हा प्रयोग होतो. दोन तास थांबलं तरी मधलं तापमान ५० च्या बरंच खाली राहतं. आणखी थांबायला हवं का?

निवृत्त_मास्तर:
स्टेनलेस असेल तर k तांब्याच्या पंचवीस-तीस पट कमी, तेव्हा वेळ तर लागणारच. पण सळई उघडी असेल तर बाजूंनी हवेत उष्णता जाते. समीकरणात `-h(u - हवेचं तापमान)` असं पद वाढतं आणि स्थिर अवस्थाही सरळ रेषा राहत नाही, मधे खाली झुकते. कितीही थांबलात तरी ५० येणार नाही. सळईवर कापूस गुंडाळून आकडा वर सरकतो का बघा.

लॅब_असिस्टंट:
कापूस गुंडाळला. वर सरकला, पण ५० अजून दूर आहे. उजव्या टोकाला थर्मामीटर ९४ दाखवतो, पाणी मात्र उकळतंय.

तिसरं_सेमिस्टर:
मग 2x च्या जागी 1.88x घ्यायचं का? की ते ९४ सुद्धा वेळेनुसार बदलतंय?