मदत हवी आहे : शेवटच्या कडव्यानंतर ध्रुपद कसे घ्यावे?

घरच्यांचे करता करता स्वतःचे नाव मागे पडलेल्या आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर ते पुन्हा सापडलेल्या एका स्त्रीच्या तोंडचे गीत मी मोठ्या अभंगाच्या छंदात लिहीत आहे. पहिले तीन चरण सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा आणि यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत, अशी बांधणी पाळली आहे. ध्रुपद असे आहे :

कुणाची मी आई, कुणाची मी ताई,
हाकेमध्ये नाही माझे नाव

शेवटचे कडवे :

वसुधा म्हणे मी, उघडली वही,
स्वतःचीच सही ओळखली

संत जनाबाईंच्या अभंगांत ‘जनी म्हणे’ ही नाममुद्रा येते, त्या जागी या स्त्रीने प्रथमच स्वतःचे नाव उच्चारावे, एवढ्यासाठीच मी हा छंद निवडला.

अडचण अशी की, चालीत म्हणताना शेवटच्या कडव्यानंतर ध्रुपद पुन्हा येते आणि नुकतेच सापडलेले नाव ‘नाही’ म्हणून पुसले जाते. तिसरा चरण तेवढ्यापुरता ‘आता घेते मीही’ असा केला, तर अक्षरे सहाच राहतात, ‘ताई’शी यमकही जुळते आणि अर्थ पालटतो, मला स्वतःला हाच पाठ अधिक पटतो. परंतु कोरस सवयीने जुनाच चरण उचलतो. गाणाऱ्या मंडळींनी सांगावे : बदललेले ध्रुपद एकटीनेच म्हणावे, की ध्रुपद न घेता ‘ओळखली’वरच थांबावे?