मदत हवी आहे: तुरुंगात सतत पाळत असते, मग पुन्हा पुन्हा मोजणी कशासाठी?

अनुजा_वाचते

मंडळी, समाजशास्त्राच्या एम.ए.साठी आधुनिक शिक्षेवर निबंध लिहितेय आणि एका जागी चाक रुतलंय.

फ्रेंच विचारवंत मिशेल फुकोच्या शिक्षा आणि तुरुंगावरच्या १९७५च्या पुस्तकाची सुरुवात बहुतेकांना ठाऊक असेल. १७५७ साली पॅरिसमध्ये राजावर हल्ला केलेल्या दामियाँला भर चौकात हाल हाल करून मारलं, त्याचं अंगावर काटा आणणारं वर्णन. त्याला लागूनच लेओं फोशे यांनी १८३८ साली पॅरिसच्या बालबंदीगृहासाठी लिहिलेली नियमावली. हिवाळ्यात सहाला दिवस सुरू, उन्हाळ्यात पाचला. नऊ तास काम, दोन तास शिक्षण. पहिला ढोल वाजला की निमूट उठून कपडे घालायचे, दुसऱ्याला अंथरूण आवरायचं, तिसऱ्याला प्रार्थनेसाठी रांग. दोन ढोलांमध्ये पाच मिनिटं. शिक्षा शरीर फोडण्याऐवजी दिवस कापू लागली, इथपर्यंत मला समजलं.

पुढे पॅनॉप्टिकॉन येतं, म्हणजे इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमने आखलेला गोल तुरुंग. मध्ये मनोरा, भोवती कोठड्या. मी लिहिलं, "कैद्यावर सतत नजर असते, म्हणून तो स्वतःच शिस्त पाळू लागतो." सरांनी 'सतत'खाली लाल रेघ मारली आणि समासात एवढंच लिहिलं: "मग मोजणी का करतात?"

अमेरिकेच्या संघीय तुरुंगांत २४ तासांत किमान पाच वेळा अधिकृत मोजणी होते आणि त्यातली निदान एक कैद्यांना उभं करून घेतात, असं वाचलं. नजर सतत असेल तर ही उठाठेव कशाला? आणि मोजणी लागतेच म्हणजे सिद्धांत चुकला का?

स्पष्टबोल्या

सोपं आहे. बेंथमने १८१६मध्ये लंडनला मिलबँक इथे पॅनॉप्टिकॉन बांधलं, तिथे मनोऱ्यातून चोवीस तास पहारा असायचा. मोजणी ही त्याआधीच्या साखळदंडांच्या काळातली सवय, सरकारी खात्यात जुन्या सवयी मरत नाहीत. सिद्धांत बरोबरच आहे. आपल्याला कोणीतरी बघतंय या भावनेनेच माणूस सरळ वागतो.

निळीशाई

शेवटचं वाक्य मान्य. बाकीचं निबंधात घालू नकोस अनुजा, गुण जातील.

बेंथमचं पॅनॉप्टिकॉन सरकारने कधी बांधलंच नाही. मूळ कल्पना त्याचा भाऊ सॅम्युअल याची, रशियात कामगारांवर देखरेख ठेवण्यासाठी. बेंथमने तिथूनच १७८७मध्ये पत्रं लिहिली, ती १७९१मध्ये छापली, मग वीसेक वर्षं सरकारच्या मागे लागला आणि १८१३मध्ये २३,००० पौंड भरपाई घेऊन गप्प बसला. मिलबँक त्याच्यासाठी घेतलेल्या जागेवर उभं राहिलं खरं, पण आराखडा वेगळाच होता. मधल्या षट्कोनाला चिकटलेले सहा पंचकोन. वळणावळणाच्या बोळांत तिथले पहारेकरीच वाट चुकायचे, असं सांगतात.

आता 'सतत'बद्दल. बेंथमच्या युक्तीत नजर सतत नसते, *दिसणं* सतत असतं. हे दोन वेगळे आहेत आणि सरांची रेघ त्यासाठीच असणार. कोठडीच्या मागच्या खिडकीतून उजेड येतो, त्यामुळे आतल्या माणसाची आकृती कायम उठून दिसते. मनोऱ्याला मात्र पडदे आणि आडभिंती. आत कोणी आहे की नाही, हे कैद्याला कधीच कळू नये. मनोरा रिकामा असला तरी काम चालतं. म्हणजे पाळत थोडीच असते, तिची शक्यता मात्र कधी संपत नाही.

पण या शक्यतेवर अधिकाऱ्याला सही करता येत नाही. संध्याकाळी वरिष्ठाने विचारलं, "सगळे आत आहेत?" तर "त्यांना वाटतंय की मी बघतोय" हे उत्तर चालत नाही. पॅनॉप्टिकॉन कैद्याच्या मनावर चालतं आणि मोजणी प्रशासनाच्या वहीवर. तुझ्या निबंधात ही दोन्ही एकाच वाक्यात कोंबली गेलीत.

गच्चीवरचा

आमच्या वसतिगृहातही हेच! रात्री साडेनऊला हजेरी, आणि वॉर्डन खिडकीतूनच बघायचे. आम्ही पांघरुणाखाली उश्या लावून सिनेमाला जायचो, तीन वर्षांत एकदाही पकडलो गेलो नाही. तेव्हा असल्या हजेरीला काही अर्थ नसतो, विश्वास ठेवला तर मुलं आपोआप नीट वागतात. यावर वेगळा धागा काढावा काय?

निळीशाई

वेगळा धागा काढाच, पण उशीचा मुद्दा इथेही कामाचा आहे. जून १९६२मध्ये अमेरिकेतल्या अल्काट्राझ तुरुंगातून तिघे पळाले, फ्रँक मॉरिस आणि अँग्लिन बंधू. अंथरुणात त्यांनी स्वतः बनवलेली खोटी डोकी ठेवली होती, वर खरे केस चिकटवलेले. रात्रीच्या मोजण्या बिनबोभाट पार पडल्या, कारण पहारेकरी *डोकी* मोजत होते आणि डोकी पुरेपूर भरत होती. सकाळी माणसं उठेनात तेव्हा कळलं.

शिस्त पूर्ण दिसत होती, माणूसच नव्हता. उभं करून मोजतात ते यासाठी.

निवृत्त_हवालदार

मी कारागृहात सत्तावीस वर्षं काढली. पुस्तकी चर्चेत पडत नाही, पण मोजणी कशी होते ते सांगतो, ताईंना उपयोग झाला तर बघा.

मोजणी म्हणजे माणसं मोजणं नव्हे, दोन आकडे जुळवणं. एक वहीतला, एक डोळ्यांनी आलेला. समजा वहीवर ४१८ बंदी आहेत. पाच कोर्टात, तीन बाहेरच्या इस्पितळात. म्हणजे आत ४१० हवेत. पहिल्या बराकीत ९८, दुसरीत १०४, तिसरीत ९६, चौथीत ८१, स्वयंपाकघरात २२, आतल्या दवाखान्यात ९. बेरीज ४१०. आता मोजायला जायचं. तेवढा वेळ सगळी हालचाल बंद, कोणी बराकीबाहेर पाऊल टाकायचं नाही. दोघांनी जायचं, एकाने मोजायचं आणि दुसऱ्याने मोजलेल्यांकडे बघायचं, नाहीतर एखादा मागून सरकून पुन्हा पुढे उभा राहतो.

आता घोळ कसा होतो ते सांगतो. एकदा आकडा आला ४११. एक *जास्त*. नवीन पोरगा हसला, म्हणाला साहेब कमी तर नाही ना. मी म्हटलं, बाबा, कमीपेक्षा जास्त वाईट. कमी असला तर एक माणूस शोधायचा असतो. जास्त असला तर आपली मोजणीच खोटी, मग कोण आहे नि कोण नाही, काहीच माहीत नाही. पुन्हा सगळं मोजलं. निघालं असं की स्वयंपाकघरातला एक जण पाळी संपवून तिसऱ्या बराकीत परतला होता, तिथे ९७ भरले. आणि स्वयंपाकघरावरच्या माणसाने डोकी न मोजता यादी बघून २२ लिहिले. खरे २१च होते.

त्याच वेळी दुसरीकडून एखादा पसार झाला असता तर बेरीज बरोबर ४१० आली असती. ती रात्र मी झोपलो नाही.

अनुजा_वाचते

काका, हे कुठल्याच पुस्तकात मिळालं नव्हतं. म्हणजे वेळापत्रक नसेल तर मोजणीही करता येणार नाही, बरोबर ना? सकाळी अकराला स्वयंपाकघरात २२ *असायला हवेत* हे आधी ठरलेलं असतं म्हणून तर २१ ही चूक ठरते.

निळीशाई

हेच लिही. फोशेच्या ढोलांकडे आता परत बघ. तिसऱ्या ढोलाला पोरगा रांगेत नसेल तर पर्यवेक्षकाला त्याचं मन वाचावं लागत नाही. जागा रिकामी आहे, एवढं पुरतं. वेळापत्रक प्रत्येक मिनिटासाठी प्रत्येक शरीराची जागा ठरवून ठेवतं, त्यामुळे उशीर, गैरहजेरी, रेंगाळणं हे नजरेत भरण्याजोगे गुन्हे होतात. वेळापत्रक अपेक्षा ठरवतं, मोजणी ती तपासते, आणि दोन मोजण्यांमधला वेळ भरून काढायला ती 'कदाचित बघत असतील'वाली नजर. सिद्धांत चुकत नाही, फक्त तिन्ही वेगळी हत्यारं आहेत.

एक सावधगिरी. मोजणीला माणसाशी देणंघेणं नसतं, तिच्या लेखी तो एक नग. फुकोला ज्यात जास्त रस आहे ती गोष्ट दुसरीच, प्रत्येकाची वागणूक, काम, सुधारणा टिपणारी नोंद. 'हा कशा प्रकारचा माणूस आहे' हे तिथे ठरतं. काकांच्या ४१०मध्ये ते नाही, ते शेजारच्या कपाटातल्या फायलीत आहे. निबंधात मोजणी आणि फाईल यांची गल्लत करू नकोस.

स्पष्टबोल्या

मिलबँकचं चुकलं, मान्य. पण मग सांगा, गोल तुरुंग खरोखर बांधले तिथे काय झालं? तिथे तरी नजर चालली का?

निळीशाई

चांगला प्रश्न. नेदरलँड्समधल्या आर्न्हेमला १८८६चा घुमटाकार तुरुंग होता. कोठड्या गोलाकार, मध्ये मोकळी जागा. जवळपास शंभर वर्षांनी नूतनीकरणासाठी रेम कोल्हास या वास्तुकाराने त्याचा अभ्यास केला तेव्हा कैदी कोठडीबाहेर सज्ज्यांवर हिंडत होते आणि मध्यभागी पहारेकऱ्यांचं कँटीन झालं होतं. वरून कैदीच त्यांना कॉफी पिताना न्याहाळायचे. बेंथमचा खेळ पडदे आणि उजेडावर उभा आहे. कोठडीचं दार उघडलं की तो उलटतो.

निवृत्त_हवालदार

हे खरं आहे. आमच्या पाळ्या त्यांना आमच्याआधी पाठ असायच्या. कोण कडक, कोण रात्री दोननंतर पेंगतो, सगळं. आमच्यावरही नजर होतीच. रात्रीच्या फेरीत ठरावीक ठिकाणी घड्याळाला चावी लावावी लागे, नाही लावली तर सकाळी विचारणा. आणि तीनशे जणांसमोर दोघं उभे असताना शिस्त निव्वळ नजरेने चालत नाही हो. थोडं सांभाळून घ्यावं लागतं. एखाद्याकडे जास्तीची विडी दिसली तर दिसली नाही असं करायचं, मग मोजणीला तो इतरांना वेळेवर उभं करतो.

निळीशाई

काका म्हणतात ते ग्रेशम साइक्स या समाजशास्त्रज्ञाने १९५८मध्ये न्यू जर्सीच्या तुरुंगाबद्दल लिहून ठेवलंय. पहारेकऱ्याची सत्ता कागदावर संपूर्ण, प्रत्यक्षात देवघेवीवर चालणारी. फुकोवर हाच आक्षेप घेतात, की त्याने आराखडे आणि नियमावल्या वाचल्या, बराक नाही. मला तो अर्धाच पटतो. १९७१पासून तो कैद्यांची माहिती बाहेर आणणाऱ्या गटात काम करत होता, बराकीत काय चालतं हे त्याला ठाऊक होतं. तरी पुस्तकात ते इतकं कमी का आलं, यावर माझं स्वतःचं मत अजून बनलेलं नाही.

अनुजा_वाचते

'सतत' काढून टाकलं. आता वाक्य असं आहे: "कैदी सतत दिसू शकतो, पण कधी पाहिला जातोय हे त्याला कळत नाही, आणि तो खरोखर तिथे आहे का, हे ठरलेल्या वेळी मोजूनच कळतं." जमतंय?

काका, एक शेवटचं. कॅमेरे आल्यावर मोजण्या कमी झाल्या का?

निवृत्त_हवालदार

नाही. उलट एक काम वाढलं. मोजणी झाली की कॅमेऱ्याच्या खोलीत जाऊन त्या वेळचं चित्रण बघायचं आणि आम्ही खरंच मोजलं की यादी बघून लिहिलं, ते तपासायचं.