गंजलेला सायलेन्सर आणि अडकलेले नट

निखिल:
नमस्कार मंडळी. सुट्टीवर सांगलीत आलोय. बाबांची बाईक २०१९ च्या महापुरात पाण्याखाली होती. इंजिन तेव्हाच खोलून घेतलं, पण सायलेन्सर तसाच राहिला, आता खालून कुजलाय. मागच्या फ्लँजवर बेंड पाईपच्या दोन स्टडना तो नटांनी आवळलाय. नट गंजून एकजीव झालेत, पाना घसरतो. गॅरेजवाला म्हणतो, ‘मारून तोडतो’. तोडू देऊ का?

माधवी:
अरे, काढतोस कशाला? आमच्या स्कूटरला वेल्डरने पत्रा मारून दिला होता, दोन पावसाळे गेले.

निखिल:
माधवीताई, आतली जाळीसुद्धा सुटून खडखडतेय. बदलावाच लागेल.

दिलीप:
रात्रभर डिझेल टाकून ठेव. सकाळी गॅसने सगळं लालबुंद कर आणि वर पाणी ओत. हमखास सुटतो.

श्रीकांतकाका:
दिलीपराव, तापवायचं हे बरोबर, पण सगळं नाही. नट तापून फुगला आणि आतला स्टड गार राहिला तरच पकड ढिली होते. आणि तेल टाकलेल्या जागी ज्योत लावायची तर आधी पुसून काढा, टाकी उतरवून लांब ठेवा.

निखिल, आधी तारेच्या ब्रशने स्टडचे बाहेर आलेले आटे साफ कर. ते गंजलेले असले तर सुटलेला नटही पुढे जाऊन पुन्हा अडकतो. मग गंज सोडवायचं तेल टाकून रात्रभर ठेव. पाना नको, सहा कोनी सॉकेट घे. कोपरे गेले असतील तर एक नंबर लहान सॉकेट ठोकून बसव. आधी किंचित आवळ, मग सोड.

स्टडच्या टोकावर आणि नटावर मिळून खडूची एक रेघ मार. दोन्ही सारखे फिरले आणि जोर एकसारखा लागतोय, तर आख्खा स्टडच बाहेर येतोय, येऊ दे. पण हात सोडताच नट मागे उसळला, तर स्टड पिळतोय. तिथेच थांब आणि नट तापव. तरीही हलला नाही, तर नटाची एक बाजू स्टडला समांतर, आट्याला लागेपर्यंत काप आणि छिन्नीने फोड.

तुझा मागचा स्टड तुटला तरी बिघडत नाही. ती फ्लँज लोखंडी असते, ड्रिल करून आरपार बोल्ट टाकता येतो. इंजिनाच्या हेडजवळचे स्टड मात्र ॲल्युमिनियममध्ये असतात. तिथे तुटला तर दुखणं मोठं. गॅरेजवाल्याला तिकडे हातोडा घेऊन जाऊ देऊ नकोस.

दिलीप:
काका, आमचे तर पाणी ओतूनच सुटले, बुवा.

निखिल:
एक नट तापवल्यावर आला. दुसऱ्याचा स्टड उसळतोय, म्हणून थांबलोय. उद्या कापतो. नवे नट पितळी टाकू का?

श्रीकांतकाका:
पितळी टाक, गंजून चिकटत नाहीत. गॅस्केट नवीच घे.

दिलीप:
पितळी धक्क्यांनी ढिले होतात, आठवड्याने आवळून बघ.